ट्रेनिंगला ९९ टक्के, सरांच्या टेस्टला ५६: मॉडेल घोकंपट्टी करतंय का, हे कसं तपासायचं

नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी काम करते. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की प्रोजेक्टवाली मुलं एकच दुखणं घेऊन येतात. घरी मॉडेल उत्तम चालत होतं, सरांनी स्वतःचे फोटो दिले आणि सगळं कोसळलं. यंदा ते दुखणं घरातूनच आलं. कळव्याहून माझ्या भाचीचा रात्री साडेदहाला फोन. रडून झालेलं होतं, आवाजावरून कळत होतं.

"मावशी, घरी अठ्ठ्याण्णव टक्के येत होते गं. सरांनी एकशेवीस फोटो टाकले, त्यातले सदुसष्टच बरोबर आले. सर म्हणाले, ओव्हरफिट झालंय, दुरुस्त करून आण. पण नेमकं काय दुरुस्त करू?"

तिचा प्रोजेक्ट फ्लेमिंगोंचा. ठाणे खाडीत दोन जातींचे फ्लेमिंगो येतात, मोठा रोहित आणि छोटा रोहित. फोटो दिला की मॉडेलने जात ओळखायची. माणसाला यातली खात्रीची खूण चोचीत दिसते. मोठ्या रोहितची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी असते, छोट्याची गडद लालसर, लांबून जवळजवळ काळीच वाटते. छोटा अंगाने बराच लहान आणि सहसा जास्त गुलाबी असतो, पण गुलाबीपणा वयाप्रमाणे आणि खाण्याप्रमाणे बदलतो, आणि शेजारी दुसरा पक्षी नसेल तर फोटोत आकार कळत नाही.

तिच्याकडे ८४० फोटो होते, ५२० छोट्याचे आणि ३२० मोठ्याचे. रेझनेट-१८ हे तयार मॉडेल घेऊन तिने ते पूर्णच्या पूर्ण पुन्हा शिकवलं होतं, ६० फेऱ्या, म्हणजे ट्रेनिंगचे सगळे फोटो साठ वेळा दाखवून.

लक्षणं

ओव्हरफिटिंग म्हणजे मॉडेलने खूण शिकण्याऐवजी दिलेले फोटोच घोकणं. तुमच्या मॉडेलला हाच आजार आहे का, ते आधी बघा. ट्रेनिंगची अचूकता ९९च्या घरात जाते. तुम्ही स्वतः बाजूला काढलेल्या व्हॅलिडेशनवरही ती छान दिसते. पण दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी काढलेले फोटो दिले की एकदम घसरते. चुकीचं उत्तरही मॉडेल ठामपणे देतं, ९७ टक्के खात्री दाखवून. आणि चुकांमध्ये काहीतरी सारखं असावं असं वाटत राहतं, पण ते काय ते सापडत नाही.

ट्रेनिंगची अचूकताच ६५-७० वर अडकली असेल तर तुमचं दुखणं वेगळं आहे. तिथे मॉडेल शिकलेलंच नसतं. पुढचे उपाय त्यावर लागू पडणार नाहीत.

आधी कागद-पेन, पाच मिनिटं

मी भाचीला सांगितलं, लॅपटॉप बंद कर आणि चार आकडे लिही. ट्रेनिंग ९९.६. व्हॅलिडेशन ९८, म्हणजे १६८ पैकी १६५. सरांची टेस्ट ५६. चौथा आकडा तिने कधी काढलाच नव्हता: डोळे मिटून प्रत्येक फोटोला "छोटा रोहित" म्हटलं असतं तर किती आले असते? सरांच्या १२० फोटोंत ७० छोट्याचे होते. म्हणजे ५८ टक्के. तिचं मॉडेल काहीच न शिकलेल्यापेक्षाही खाली होतं.

ती बराच वेळ गप्प बसली. पण हा आकडा लागतोच. ५६ हा "थोडा कमी" नाही, चोचीबद्दल मॉडेलला काहीही कळलेलं नाही असं तो सांगतो. किरकोळ घसरण असेल तर फेऱ्या कमी-जास्त करून भागतं. बिनडोक अंदाजाच्याही खाली गेलो असू तर मॉडेल भलत्याच गोष्टीवर उत्तर देत असतं, आणि ती गोष्ट शोधावी लागते.

दुसरी तपासणी: टेस्टचा कोड खरा आहे ना?

ओव्हरफिटिंग म्हणण्याआधी ही शक्यता काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. ज्या कोडने टेस्टचे फोटो तपासले, त्याच कोडमधून ट्रेनिंगचे पन्नास फोटो चालवा. तिथेही ९९च्या आसपास आलं तर कोड ठीक. पन्नासपैकी तीसच आले तर मॉडेलला दोष देऊ नका, फोटो आत जाताना काहीतरी बदलतंय.

हे मी उगाच सांगत नाही. गेल्या वर्षी एका गटाचे तीन आठवडे यात गेले. शिकवताना फोटो एका लायब्ररीने उघडले होते, टेस्टला `cv2.imread` वापरलं. ते लाल आणि निळा रंग उलट्या क्रमाने देतं. मॉडेलला सगळं जग निळसर दिसत होतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे टेस्टच्या आधी `model.eval()` लिहायचं राहून जाणं. भाचीच्या कोडमध्ये दोन्ही ठीक होतं. पन्नासपैकी पन्नास आले.

तिसरी तपासणी: फोटोंची वाटणी डोळ्यांनी बघा

शनिवारी ती ऐरोलीला माझ्याकडे आली. मी ट्रेनिंगचं फोल्डर डावीकडे उघडायला लावलं, व्हॅलिडेशनचं उजवीकडे, आणि दोन्ही फोटो काढल्याच्या वेळेप्रमाणे लावायला सांगितले. कोडची एक ओळही लिहायची नव्हती.

दोन मिनिटांत तिने तोंडावर हात ठेवला. डावीकडे मान वाकवलेला एक पक्षी होता, उजवीकडे तोच पक्षी, तीच मान, फक्त पाण्यावरची लाट अर्ध्या सेकंदाने पुढे सरकलेली. तिने बटण दाबून धरून फोटो काढले होते, कॅमेऱ्याने एका दमात पंधरा-वीस टिपले होते. मग ८४० फोटो सरसकट पिसून त्यातले वीस टक्के तिने व्हॅलिडेशनला टाकले. प्रत्येक दमातले चौदा-पंधरा फोटो ट्रेनिंगमध्ये गेले आणि तीन-चार व्हॅलिडेशनमध्ये. परीक्षेत येणारे प्रश्न आदल्या रात्रीच हातात पडावेत, तसं झालं. अशा परीक्षेत घोकंपट्टी करणाऱ्यालाही ९८ मिळतात, म्हणून आजार घरी दिसला नाही.

आम्ही वेळेवरून दम मोजले. दोन फोटोंमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की नवा दम धरायचा. ८४० फोटोंत दम निघाले अवघे ४६. तिच्याकडे ८४० नाही, ४६ फोटो होते असं म्हटलं तरी फार चूक होणार नाही. पक्ष्यांच्या, पिकांच्या, रुग्णांच्या कुठल्याही डेटात हाच प्रश्न आधी विचारा: वेगवेगळ्या गोष्टी खरोखर किती आहेत? एकाच रोपाची तीस पानं म्हणजे तीस रोपं नव्हेत.

वाटणी मग दमाप्रमाणे केली, म्हणजे एका दमातले सगळे फोटो एकाच बाजूला राहतील. `burst_id` म्हणजे प्रत्येक फोटोच्या दमाचा नंबर:

```python
from sklearn.model_selection import GroupShuffleSplit

gss = GroupShuffleSplit(n_splits=1, test_size=0.2, random_state=7)
tr, va = next(gss.split(files, labels, groups=burst_id))
```

मॉडेल पुन्हा शिकवलं. व्हॅलिडेशन ९८वरून ९१वर आलं. भाची म्हणाली, "बघ, एवढंच होतं!" इथेच बहुतेक मुलं थांबतात, आणि इथे थांबायचं नसतं. घरी ९१ आणि सरांकडे ५६, हे अंतर अजून ३५चं आहे. सरांचे फोटो कितीही अवघड धरले तरी एवढी तफावत होत नाही. व्हॅलिडेशन अजून कुठूनतरी गळत होतं.

चौथी तपासणी: पक्षी झाका

ही मला सगळ्यांत आवडणारी तपासणी. व्हॅलिडेशनमधले वीस फोटो घ्या, साध्या चित्रांच्या ॲपमध्ये पक्ष्यावर करडा चौकोन ओढून त्याला पूर्ण झाका, आणि तेच फोटो मॉडेलला द्या. पक्षीच दिसत नसेल तर जात ओळखता येऊ नये. उत्तर निम्मं बरोबर, निम्मं चूक यायला हवं.

तिच्या मॉडेलने पक्षी नसलेल्या वीसपैकी अठरा फोटोंची जात बरोबर सांगितली.

"पण मग ते बघतंय काय?" ती म्हणाली. मी विचारलं, फोटो कुठे कुठे काढलेस? छोट्या रोहितचे सगळे फोटो ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राच्या बोटीतून, दोन फेऱ्यांमध्ये, चिखलावर चरणाऱ्या थव्याचे. मोठ्या रोहितचे सगळे फोटो नेरुळच्या पाणथळीवर, एका सकाळी, भरतीच्या वेळी पाण्यात उभ्या राहिलेल्या थव्याचे. मॉडेलने चोच पाहिलीच नव्हती. मागे करडा चिखल असला की छोटा, निळं पाणी असलं की मोठा, एवढंच ते शिकलं होतं. आणि तिच्या फोटोंपुरतं ते शंभर टक्के खरं होतं.

सरांचे फोटो पुन्हा काढून चुका पाहिल्या. छोट्या रोहितच्या ७० पैकी २९ चुकले, जवळजवळ सगळे पाण्यात उभे असलेले. मोठ्याच्या ५० पैकी २४ चुकले, जवळजवळ सगळे खाडीच्या चिखलावरचे. थवे भरती-ओहोटीप्रमाणे जागा बदलतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की चरायला तिथे, पाणी चढलं की आसऱ्याच्या पाणथळीवर. दोन्ही जाती दोन्हीकडे दिसतात. भाचीच्या डेटात तेवढ्या त्या दिसत नव्हत्या.

दमाप्रमाणे वाटणी करूनही ९१ का आले, तेही इथे उलगडतं. दम वेगळे असले तरी चिखल तोच होता. खरी वाटणी फेरीप्रमाणे करायला हवी होती, एक पूर्ण दिवस बाजूला ठेवून. पण तिच्याकडे तीनच फेऱ्या होत्या आणि प्रत्येक फेरीत एकच जात. नेरुळची सकाळ बाजूला काढली तर ट्रेनिंगमध्ये मोठा रोहित उरतच नाही. तुमच्याही डेटाची अशी फेरीवार वाटणी जमत नसेल, तर ती अडचणच तुम्हाला रोगाचं नाव सांगते आहे.

पाचवी पायरी: मॉडेलची मोकळीक कमी करा

मुलं नेमकी इथून सुरुवात करतात, कारण इंटरनेटवर सगळीकडे हेच उपाय असतात. मी याला पाचवा नंबर देते, कारण व्हॅलिडेशन गळकं असेपर्यंत यातल्या एकाही उपायाचा परिणाम कळत नाही. भाचीने अर्ली स्टॉपिंग लावलं होतं, म्हणजे व्हॅलिडेशनवरच्या चुकांचं माप दाखवणारा लॉस वाढू लागला की शिकवणं आपोआप थांबावं. पण तेच फोटो दोन्हीकडे असल्यामुळे तो लॉस साठाव्या फेरीपर्यंत खालीच येत राहिला. थांबायची वेळ कधी आलीच नाही.

आधी आम्ही फोटो कातरले. प्रत्येक दमातले एकमेकांपासून जरा वेगळे तीन फोटो ठेवले आणि हाताने पक्ष्याच्या अंगालगत कापले, चिखल-पाणी जेमतेम दिसेल इतकं. ८४० चे १३८ झाले. सातशे फोटो फेकताना तिचा जीव वरखाली होत होता, पण त्या सातशेंत नवीन काही नव्हतंच. एका संध्याकाळी काम झालं.

मग मॉडेल गोठवलं. रेझनेट-१८ दोन जातींसाठी पूर्ण शिकवायचं तर सुमारे १ कोटी १२ लाख आकडे जुळवायचे असतात. १३८ फोटोंसमोर एवढी मोकळीक दिली तर मॉडेल प्रत्येक फोटो पाठ करून टाकतं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवून फक्त शेवटचा थर शिकवला तर जुळवायचे आकडे उरतात १०२६.

```python
for p in model.parameters():
    p.requires_grad = False
model.fc = torch.nn.Linear(512, 2)
```

फोटो कृत्रिमरीत्या बदलून वाढवायचे असतील तर विषय समजून बदला. आरशासारखे उलटवायला हरकत नाही, फ्लेमिंगो डावीकडे बघो की उजवीकडे. पण रंग हलवणारा पर्याय आम्ही बंद ठेवला. इथे चोचीचा रंग हीच खूण आहे, ती पुसून मॉडेलला काय शिकवणार?

दमांचे पाच गट पाडून, दर वेळी एक गट बाजूला ठेवून तपासलं. १३८ पैकी १०४ बरोबर, ७५ टक्के. सगळ्यांना छोटा म्हटलं असतं तर ५९ टक्के आले असते. फोनवर आईला सांगताना भाची म्हणाली, "अठ्ठ्याण्णवचे पंच्याहत्तर झाले आणि मावशी खूश आहे." होते मी खूश. पक्षी झाकून पुन्हा पाहिलं तेव्हा वीसपैकी अकराच बरोबर आले. मॉडेल आता पक्ष्याकडे बघत होतं.

सहावी पायरी, सगळ्यांत महाग: नवे फोटो

एक जात एकाच ठिकाणची, ही गोष्ट कुठल्याही कोडने सुटत नाही. कातरल्यावरही पाण्यातलं प्रतिबिंब आणि उजेडाचा रंग मागे राहतोच. त्यासाठी उठून बाहेर जावं लागतं. मार्चमध्ये तिने तीन रविवार खर्ची घातले. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून दोनदा नेरुळ, एकदा पुन्हा ऐरोलीची बोट. या वेळी ठरवून छोटे रोहित पाण्यात टिपले आणि मोठे चिखलावर. बटण दाबून धरायचं नाही, पक्षी बदलला की एक फोटो, एवढा नियम घालून दिला होता. दोन मैत्रिणींनी आपल्या कॅमेऱ्यातले जुने फोटो दिले, त्याने कॅमेराही बदलला.

आता फेरीवार वाटणी जमली. दर वेळी एक पूर्ण फेरी बाजूला ठेवून तपासलं, तर सगळ्यांत वाईट फेरीला ७२ आले, सगळ्यांत चांगल्या फेरीला ८६. सरासरी काढण्याआधी हे दोन आकडे बघा. नव्या दिवशी काय होऊ शकतं, ते हेच सांगतात.

सरांच्या जुन्या १२० फोटोंवर मी तिला पुन्हा तपासू दिलं नाही. ती म्हणत होती, "एकदाच गं, नुसतं बघते." पण त्यांच्या चुका बघूनच तर आम्ही निर्णय घेतले होते. ते फोटो आता टेस्ट राहिले नव्हते. सरांकडे न उघडलेले आणखी १०० फोटो होते, त्यांतले ६० छोट्याचे. त्यांवर मॉडेल एकदाच चालवलं. ८१ बरोबर आले. शंभरच फोटो असल्याने खरी अचूकता साधारण ७२ ते ८८च्या दरम्यान कुठेही असू शकते, आणि घरचा ७२ ते ८६चा अंदाज त्याच्याशी जुळत होता. घरचा आणि बाहेरचा आकडा असे जुळले की हा आजार बरा झाला असं मी समजते, मग तो आकडा ८१ असो की ६५.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

टेस्टचे फोटो दोनदा वापरून झाले असतील तर थांबा. तिसऱ्यांदा आकडा वाढला तरी त्याला अर्थ नाही. गाईडकडून नवे फोटो मागा, आणि मिळत नसतील तर जुना आकडा आहे तसा लिहा.

एक जात किंवा एक वर्ग एकाच ठिकाणाहून, एकाच दवाखान्यातून, एकाच दिवशी आलेला असेल आणि नवा डेटा मिळण्यासारखा नसेल, तर मॉडेल सुधारणं थांबवा. रात्री जागून काही होणार नाही. रिपोर्टमध्ये ती मर्यादा सरळ लिहा.

मॉडेलच्या उत्तरावर कुणी खरा निर्णय घेणार असेल, पक्ष्यांची अधिकृत गणती असो की कुणाचा एक्स-रे, तर ते काम प्रोजेक्टच्या बाहेरचं आहे. तिथे त्या विषयाचा जाणकार आणि संख्याशास्त्र येणारा माणूस, दोघेही पहिल्या दिवसापासून हवेत.

आणि लेबलचीच शंका असेल तर कोडला हात लावू नका. भाचीच्या शेवटच्या १९ चुका आम्ही एकेक करून पाहिल्या. अकरा फोटोंत पक्षी चोच पंखात खुपसून झोपलेला किंवा दुसऱ्याच्या मागे दडलेला होता. पाच फोटो पिल्लावस्थेतल्या करड्या-तपकिरी पक्ष्यांचे होते. दोन्ही जातींची लहान पिल्लं अशीच मळकट दिसतात, गुलाबी रंग नंतर चढतो. त्या पाचांपैकी दोघांची जात मलाही सांगता आली नाही, तिलाही नाही, आणि सर म्हणाले, मीही अंदाजानेच लिहिलं होतं. ते दोन फोटो तिने खाडीवर नियमित पक्षी मोजणाऱ्या एका अभ्यासकांना पाठवले आहेत. त्यांचं उत्तर येईपर्यंत रिपोर्टच्या तक्त्यात त्या दोन ओळींसमोर "जात अनिश्चित" असं लिहून ठेवलंय.